पंक्चर नाही, तरी दर आठवड्याला हवा कमी: गळती शोधायची कशी?

प्रश्न: चोपड्याजवळ राहतो. गाडी पाच वर्षांची हॅचबॅक, कंपनीचेच अलॉय, टायर ट्यूबलेस. मागच्या डाव्या चाकात ३३ हवा भरली की आठवड्याने ३० वर येते. बाकीची तीन चाकं ठीक आहेत. दोन दुकानांत चाक पाण्यात बुडवून पाहिलं, दोघंही म्हणाले पंक्चर नाही. एक म्हणतो ट्यूब टाका, दुसरा म्हणतो लिक्विड टाका. टायरची नक्षी अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. नेमकं काय करू?

उत्तर:

ट्यूब टाकू नका आणि लिक्विडही नको. तुम्ही सांगताय त्यावरून माझा पहिला संशय बीडवर आहे, म्हणजे टायरची कड रिमला जिथे दाबून बसते त्या जागेवर, आणि तीही बहुधा चाकाच्या आतल्या बाजूची, जी उभ्या गाडीत दिसत नाही. दुसरा संशय व्हॉल्व्हवर. तपासाला मात्र व्हॉल्व्हपासूनच सुरुवात करा, कारण तो चाक न खोलता घरच्या घरी तपासता येतो आणि दोष तिथे निघाला तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो.

दोन्ही दुकानांत गळती का दिसली नाही, ते आधी समजून घ्या. त्यांनी कामचुकारपणा केला असेल असं मला वाटत नाही. तुमच्या गाडीच्या मापाच्या टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा असते. दाब ३ पीएसआयने उतरला म्हणजे मोकळ्या हवेच्या हिशेबात सुमारे ६ लिटर हवा बाहेर गेली. ही ६ लिटर हवा सात दिवस आणि सात रात्री मिळून गेली आहे. मिनिटाचा हिशेब केला तर अर्ध्या मिलिलिटरपेक्षा किंचित जास्त हवा जाते. ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा धरला, तर सगळी गळती एकाच छिद्रातून असली तरी तीन-चार सेकंदांना एक बुडबुडा सुटेल. आणि तीच गळती बीडच्या वीतभर कडेतून झिरपत असेल तर एकही ठळक बुडबुडा दिसत नाही, बारीक फेसाची एक रेघ हळूहळू जमत जाते. पंक्चरच्या दुकानात चाक टाकीत एक फेरी फिरवतात. टायरचा एक भाग पाण्याखाली राहतो तो दहा-पंधरा सेकंद. खिळा घुसला असेल तर तेवढा वेळ पुरतो, कारण तिथून बुडबुड्यांची माळच लागते. आठवड्याला ३ पीएसआयची गळती पकडायला तो वेळ पुरत नाही. बुडवताना चाकाला चिकटून आलेली हवाही सुरुवातीला बुडबुडे सोडत असते, त्यात खरी गळती लपून जाते. मग पंक्चरवाला प्रामाणिकपणे सांगतो, "भाऊ, काहीच नही शे."

आता मोजणी. आपल्या खान्देशात हिच्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. तापमान सहा अंशांनी उतरलं की गाडीच्या टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने उतरतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी ४२ अंशांत, गाडी चालवून तापलेल्या टायरमध्ये पंपावर ३३ भरून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे २६ अंशांत मोजलं, तर हवा जराही न जाता ३० किंवा त्याहूनही कमी दिसेल. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की याच कारणाने निम्म्या गावाला आपले टायर गळतात असं वाटतं. त्यात प्रत्येक पंपाचा काटा वेगळा. एक ३३ म्हणतो तेव्हा दुसरा ३१ म्हणतो. म्हणून स्वतःचं एक हवेचं गेज घ्या, साधं असलं तरी चालेल, फक्त दर वेळी तेच वापरा. सकाळी गाडी हलवायच्या आधी, सावलीत असताना, चारही चाकं मोजा आणि आकडे लिहून ठेवा. बरोबर एक आठवड्याने त्याच वेळी पुन्हा मोजा. चारही चाकं सारखीच उतरली असतील तर ती हवामानाची करामत आहे. चांगल्या टायरमधूनही रबरातून झिरपून महिन्याला १ ते २ पीएसआय हवा जातेच, त्याला इलाज लागत नाही. तुमच्याकडे बाकीची तीन ठीक आहेत आणि एकच ३ ने उतरतं, म्हणजे गळती खरी आहे. पण दोन्ही वेळा पंपावर, दोन वेगळ्या काट्यांनी मोजलं असेल, तर एक आठवडा थांबून स्वतःच्या गेजने खात्री करून घ्या.

आता व्हॉल्व्ह. टोपण काढा आणि तपास संपेपर्यंत लावू नका. टोपणाच्या आत रबराची चकती असेल तर ती पिनची गळती तात्पुरती धरून ठेवते आणि तुम्हाला दोष दिसत नाही. गाडी थोडी पुढे-मागे करून व्हॉल्व्ह चाकाच्या सगळ्यात वरच्या जागी आणा. तिथे व्हॉल्व्हचं तोंड बाहेर आणि थोडं खाली झुकलेलं असतं. एका लहान वाटीत पाणी घेऊन ती खालून अशी धरा, की व्हॉल्व्हची नळी तोंडासकट पाण्यात बुडेल. आधी नळीला चिकटलेले बुडबुडे बोटाने झटका, मग हात स्थिर ठेवून दोन-तीन मिनिटं नुसतं बघत राहा. तोंडातून ठरावीक अंतराने बुडबुडा येत असेल तर आतली पिन गळते आहे. थुंकी लावून बघायची आपली जुनी पद्धतही चालते, पण थुंकीचा पापुद्रा लवकर फुटतो आणि हळू गळतीला फुगायला वेळ मिळत नाही, म्हणून मी वाटीच वापरतो.

पिन गळण्याची कारणं साधी आहेत. पिनच्या टोकाशी धुळीचा कण अडकतो, पिनच्या अंगावरची सील वाळते, किंवा पिन नीट घट्ट बसलेली नसते. पिनचं टोक दोनदा झटकन दाबून हवा सोडा. कण असेल तर तो उडून जातो आणि गळती तिथेच थांबते. नाही थांबली तर पिन काढायच्या पान्याने ती किंचित आवळून बघा. हलक्या हाताने बसेल तिथून फार तर पाव वळसा. त्याहून जोर लावला तर तीच सील फाटते आणि गळती वाढते. तरीही बुडबुडे आले तर पिनच बदला. त्याआधी गाडी जॅकवर घ्यायला विसरू नका, कारण पिन निघाली की सगळी हवा जाते आणि गाडीचं वजन टायरच्या कडेवर येतं. नवीन पिन अगदी किरकोळ किमतीत मिळते. टायरच्या आत प्रेशर सेन्सर असलेली गाडी असेल तर व्हॉल्व्हची नळी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते. तिथे साधी पितळी पिन घालू नका, निकेलचा मुलामा असलेली मागून घ्या. पितळ आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र राहिले की पिन नळीतच गंजून अडकते आणि मग नळीसकट सेन्सर बदलायची पाळी येते.

तोंड कोरडं निघालं तर नळीच्या बुडाशी या, म्हणजे रबर रिममधून बाहेर येतं तिथे. साबणाचं पाणी सोडा आणि नळी बोटाने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकवून थोडा वेळ धरा. उन्हाने आणि वयाने रबराला बुडाशी आडव्या भेगा पडतात. नळी सरळ असते तेव्हा त्या मिटलेल्या असतात, वाकवली की उघडतात आणि फेस येतो. गाडी पळताना नळी बाहेरच्या दिशेने खेचली जाते, तेव्हाही त्या उघडतात. या दोषाला मलमपट्टी नाही. टायरची एक बाजू रिमवरून उतरवून व्हॉल्व्हच बदलावा लागतो. तुमची गाडी पाच वर्षांची आहे आणि व्हॉल्व्ह मूळचेच असतील, तर चाक कुठल्याही कारणाने उघडलं तरी तेवढ्यात नवीन व्हॉल्व्ह टाकून घ्या. आपल्या उन्हात पाच वर्षं म्हणजे रबराचं आयुष्य झालंच.

व्हॉल्व्ह चांगला निघाला, तर चाक गाडीवरून काढावं लागेल. आधी चाक स्वच्छ धुवा, आतली बाजू जास्त काळजीने. पावसाळ्यात काळी माती रिमच्या कडेला लिंपल्यासारखी बसते आणि वाळली की बारीक गळती बुजवूनही टाकते. दोन-चार दिवसांनी ती झडते आणि गळती पुन्हा सुरू होते, माणूस मात्र चक्रावतो. धुतल्यावर हवा ४० पीएसआयपर्यंत वाढवा. टायरच्या बाजूवर कमाल दाब छापलेला असतो, तो ४० पेक्षा जास्त आहे ना हे आधी वाचून घ्या. दाब वाढला की गळतीही वाढते आणि दिसायला सोपी जाते.

घरी टाकी नसते, तिची गरजही नाही. चाक जमिनीवर आडवं ठेवा, दर्शनी बाजू वर करून. रिमची कड आणि टायरची भिंत यांच्यामध्ये गोल फिरणारी एक खाच असते. त्या खाचेत साबणाचं पाणी हळूच ओता, म्हणजे ते तिथेच साचून राहतं. पाण्यात साबण बेताचा, आणि ओतताना फेस होऊ देऊ नका, नाहीतर तुमचाच फेस तुम्हाला फसवेल. ओतलेलं पाणी शांत झालं की त्यावरचे बुडबुडे फुंकून काढा आणि दहा मिनिटं चाकाला हात लावू नका. मग खाचेवरून सावकाश नजर फिरवा. गळती असेल तिथे पांढऱ्या बारीक फेसाची रेघ वाढलेली दिसेल. काही नाही दिसलं तर चाक उलटं करून आतल्या बाजूने हेच करा. आतली बाजू घाईने उरकू नका, बहुतेक वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो. त्याच वेळी रिमच्या पोटातही, म्हणजे मधल्या गोल भिंतीवर पाणी सोडून बघा. अलॉय खड्ड्यात जोरात आपटला असेल तर आतल्या कडेजवळ केसासारखी चीर असते आणि तिथून फेस येतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरून रोजची ये-जा असलेल्या गाड्यांत हे मी पाहतो. चीर निघाली तर वेल्डिंगच्या फंदात पडू नका, रिम बदला. वेल्डिंगने हवा थांबते, पण त्या जागेचा अलॉय कमजोर होतो आणि पुढच्या खड्ड्यात चीर वेल्डिंगच्या शेजारून फाटते.

टायरच्या नक्षीकडेही एकदा बघून घ्या, विशेषतः शेतात गाडी जात असेल तर. वेड्या बाभळीचा काटा आत घुसून वरून मोडतो आणि नक्षीच्या बरोबरीला घासला जातो. डोळ्यांना तो दिसत नाही, आणि काटा स्वतःच छिद्राला बूच होऊन बसलेला असल्यामुळे हवाही अगदी सावकाश जाते. ओल्या फडक्याने नक्षी पुसून चाक हळूहळू फिरवा. जिथे ओलावा शिजल्यासारखा बुडबुडतो तिथे काटा आहे. पूर्वी कधी पट्टी घालून पंक्चर काढलं असेल तर ती जागा आधी तपासा, जुन्या पट्ट्या कडेने सैल होतात.

फेस बीडवर निघाला की खडूने खुणा करायच्या. हे काम जवळपास कोणीच करत नाही आणि त्यामुळे पुढची मेहनत वाया जाते. फेसाच्या दोन्ही टोकांच्या चार-चार बोटं पलीकडे एकेक खूण करा, आणि प्रत्येक खूण रिमवर आणि टायरवर दोन्हीकडे समोरासमोर करा. चार बोटं पलीकडे अशासाठी, की हवा आत एका ठिकाणी निसटते आणि बीडच्या खालून आडवी सरकत दुसऱ्याच ठिकाणी बाहेर पडते. आणि दोन्हीवर अशासाठी, की टायर उतरल्यावर दोष रिमचा आहे की टायरच्या कडेचा, हे समोरासमोर ठेवून ठरवता यावं. मागे कोणी लिव्हर लावून टायर चढवताना बीडचं रबर फाडलं असेल, तर रिम कितीही घासली तरी गळती थांबणार नाही.

फैजपूरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची गाडी माझ्याकडे आली होती, ती तुमच्या तक्रारीशी इतकी मिळती आहे की ती सविस्तर सांगतो. अलॉय, १८५ रुंदीचे ट्यूबलेस टायर, पुढचं उजवं चाक. रविवारी सकाळी ३३, बुधवारी साडेएकतीस, पुढच्या रविवारी ३०. बाकीची तीन चाकं त्याच आठवड्यात काट्यावर जेमतेम हललेली. व्हॉल्व्हच्या तोंडाशी आणि बुडाशी काही नव्हतं. चाक काढून ४० पर्यंत भरलं, दर्शनी बाजू कोरडी. उलटं करून आतल्या खाचेत पाणी सोडलं तरी पहिली पाच मिनिटं काहीच नाही. आठव्या-दहाव्या मिनिटाला वीतभर लांबीत दुधाच्या सायीसारखा बारीक फेस धरला. खुणा केल्या, हवा सोडली, पिन काढली आणि टायर उतरवला.

खुणांच्या मधोमध रिमच्या कडेवर बॅलन्सिंगचं एक ठोकून बसवलेलं वजन होतं. वजनाच्या पत्र्याने कडेचा रंग खरवडला होता आणि ओलावा त्या ओरखड्यातून रंगाच्या खाली शिरला होता. वजनापासून सुरू होऊन रंगाचे फोड बीडच्या बैठकीपर्यंत पोहोचले होते. नखाने एक फोड उचलला तर खालून पांढरी भुकटी निघाली. ॲल्युमिनियमचा गंज तो. लोखंडासारखा तांबडा नसतो, पांढरा आणि खडूसारखा असतो, आणि मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून तो रंगाला उचलतो आणि टायरची कड रिमपासून केसभर वर धरतो. त्या केसभर फटीतून आठवड्याला ६ लिटर हवा आरामात जाते. टायरची कड मात्र खुणांच्या जागी शाबूत होती, फक्त तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा शिक्का उमटला होता.

इतका गंज का, हे मी त्यांना विचारलं तेव्हा कळलं की गाडीची डिकी वर्षानुवर्षं खताच्या गोण्या वाहते आणि बागेतल्या ओल्या वाटेवरून रोज जाते. केळीला लागणारं म्युरिएट ऑफ पोटॅश हे क्लोराइडचं मीठ आहे. क्लोराइड आणि ओलावा मिळाला की ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर टिकत नाही. चाकं चकचकीत दिसावीत म्हणून आम्लाचं पाणी मारणारी काही धुलाई केंद्रं असतात, तिथेही रिमची लॅकर अशीच सुटते. तुमच्या गाडीच्या बाबतीत यातलं काही लागू आहे का, ते बघा.

दुरुस्तीत घाई केली की तीच तक्रार काही महिन्यांत परत येते, म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या. अलॉयवर तारेचा ब्रश ग्राइंडरला लावून फिरवू देऊ नका. त्याने धातूच खोदला जातो आणि बैठक उंच-सखल होते. हाताने १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, किंवा खरखरीत नायलॉनचा पॅड. पांढरी भुकटी पूर्ण जाऊन स्वच्छ धातू दिसला पाहिजे, आणि फोडाच्या कडेला जिथे चांगला रंग सुरू होतो तिथे पायरी राहता कामा नये. डोळे मिटून बोट फिरवलं तरी जोड कळू नये, इतकं ते सपाट हवं. सैल रंग जिथपर्यंत निघतो तिथपर्यंत काढायचाच. वरून चांगला दिसतो म्हणून सोडला तर तो पुढच्या पावसाळ्यात उचलतो. एका ठिकाणी गळती सापडली तरी संपूर्ण गोल आणि दोन्ही बाजूंच्या बैठका साफ करून घ्या, चाक उघडलेलंच आहे. टायरच्या कडेवरचा पांढरा शिक्का आणि जुन्या रबराचे थर कोरड्या फडक्याने पुसायचे, तिथे पेपर घासायचा नाही.

एक दिवस चाकाशिवाय भागत असेल, म्हणजे स्टेपनीवर गाडी चालणार असेल, तर उघड्या धातूवर ॲल्युमिनियमला धरणारा प्रायमर आणि वर पातळ लॅकर मारून पूर्ण सुकू द्या. हा सगळ्यात टिकाऊ उपाय. तेवढा वेळ नसेल तर बीड सीलर नावाचा काळा, रबरी द्रव मिळतो, त्याचा पातळ हात बैठकीवर फिरवतात आणि डब्यावर लिहिलंय तितका वेळ सुकू देतात. त्या फैजपूरच्या चाकाला आम्ही घासून सीलरच लावला, कारण त्यांना संध्याकाळी गाडी हवी होती. सीलर हा घासण्याला पर्याय होत नाही. गंजावर जाड सीलर थापला तर तो भुकटीला चिकटतो आणि भुकटीबरोबरच सुटतो. त्यात पेटणारं सॉल्व्हंट असतं, तेव्हा जवळ बिडी-सिगारेट नको.

टायर परत चढवताना बीडला टायरची साबणपेस्ट लावायला सांगा. डिझेल, ग्रीस, जळकं ऑइल लावायची पद्धत काही दुकानांत आहे. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, तेव्हा तिथे ठाम नाही म्हणा. हवा भरताना बीड बैठकीत बसल्याचे दोन ठोके ऐकू येतात. ४० पीएसआयपर्यंत ते आले नाहीत तर आणखी दाब चढवू देऊ नका. हवा सोडून, पुन्हा पेस्ट लावून भरायचं. जास्त दाबाने बीडची तार तुटली तर जवळच्या माणसाचा जीव जातो. बसल्यावर टायरच्या भिंतीवर कडेला समांतर एक बारीक उंच रेषा असते, तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं आहे का ते पाहा. मग गाडीला लावायच्या आधी पुन्हा दहा मिनिटं खाचेत पाणी. बॅलन्सिंग करताना त्या बाजूला ठोकायचं वजन न लावता रिमच्या आतल्या भिंतीला चिकटवायचं वजन मागा.

टायर उतरला की त्याच्या पोटात हात घालून बघा. काळी रबराची बारीक भुकटी निघाली, तर टायर कधीतरी फारच कमी हवेत पळालेला आहे आणि त्याच्या भिंती आतून झिजल्या आहेत. असा टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढून टाका. तुम्ही दर आठवड्याला हवा भरत आला आहात, म्हणून तुमचा टायर बहुधा चांगलाच निघेल.

आता ट्यूब आणि लिक्विड का नको, ते. लिक्विड चाक फिरताना नक्षीच्या आतल्या बाजूला फेकलं जातं, कारण तीच जागा केंद्रापासून सगळ्यात लांब असते. बीडची बैठक केंद्राच्या जवळ असते, तिथे ते टिकत नाही. म्हणजे काट्याच्या छिद्राला त्याचा उपयोग होईल, बीडच्या गळतीला क्वचितच. उलट व्हॉल्व्हच्या पिनमध्ये ते सुकून बसतं, आणि नंतर चाक उघडणाऱ्याला बैठक साफ करायला दुप्पट वेळ लागतो. ट्यूब टाकली की आठवड्याची गळती थांबते हे खरं. पण ट्यूबलेस टायरचं पोट ट्यूबसाठी गुळगुळीत केलेलं नसतं. ट्यूब त्यावर घासते, मे महिन्यात तापते, आणि खिळा लागला की हळू न बसता एका झटक्यात बसते. शिवाय रिमवरचा गंज आत चालूच राहतो. नायट्रोजन भरल्याने फट बुजत नाही, तीही आशा धरू नका. एक गोष्ट मात्र हवेबद्दल खरी आहे: कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज न सोडणाऱ्या दुकानातून पावसाळ्यात हवेबरोबर पाणीही टायरमध्ये जातं. लोखंडी रिमला त्याने आतून तांबडा गंज धरतो. तुमच्या स्टेपनीची रिम लोखंडी असेल तर तिचीही बीड या निमित्ताने बघून घ्या. लोखंडाला तारेचा ब्रश चालतो, वर रेड ऑक्साइड मारून सुकू द्या.

घासल्यावर बैठकीत खड्डे राहिले तर नखाने चाचपा. ठिपक्यासारखे, वेगवेगळे खड्डे सीलरने भरून निघतात. पण खड्ड्यांची ओळ आतून बाहेरपर्यंत सलग आडवी गेली असेल तर हवेला तो तयार रस्ताच आहे, तिथे रिम बदलण्यावाचून इलाज नाही.

दुरुस्तीनंतर चार आठवडे चारही चाकांची मोजणी चालू ठेवा, त्याच गेजने, त्याच वेळी. फैजपूरचं चाक महिनाभर बाकीच्या तिघांच्या बरोबरीने चाललं, तेव्हाच मी काम झालं असं म्हटलं. तुमचं चाक पहिल्याच आठवड्यात पुन्हा एकटं २-३ ने उतरलं तर पुन्हा घासायला घेऊ नका. नवीन व्हॉल्व्हचं बूड आधी वाटीच्या पाण्यात बघा, कारण घाईत ओढून बसवलेल्या व्हॉल्व्हचं रबर रिमच्या भोकात तिरपं बसतं. ते ठीक असेल तर तीच वही आणि खडूच्या खुणांचा फोटो घेऊन दुकानात जा. फोटो खुणा करतानाच काढून ठेवा, कारण टायर पुन्हा चढवताना तो त्याच जागी बसतोच असं नाही. फेस नव्याने जिथे येईल ती जागा रिमच्या जुन्या खुणेपाशी असेल तर दोष रिमचा, टायरच्या खुणेबरोबर सरकली असेल तर दोष टायरच्या कडेचा.